वरणभाताच्या घासाचा प्रवास

पचनसंस्थेचे वर्णन इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यास बहुधा आकृतीच्या रूपाने भेटते. आकृतीत एक माणूस उभा असतो, त्याच्या पोटात एक लांबलचक नळी वेटोळे घालून बसलेली असते आणि बाजूला बाणांनी नावे दाखविलेली असतात. विद्यार्थी ती नावे ओळीने पाठ करतो, परंतु त्या नळीतून जे जाते त्याचे काय होते, हे त्याला आकृती सांगत नाही. भाताचा घास तोंडात गेला तेव्हा भात होता आणि रक्तात शिरला तेव्हा साखर झाला होता. हे रूपांतर नेमके कोठे घडले, असे विचारले असता वर्गातील निम्मी मुले तरी ‘जठरात’ असे उत्तर देतात. ते उत्तर चूक आहे.

पुढे दिलेले पद्य या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी रचलेले आहे. त्यात घास स्वतःच बोलतो. घास वरणभाताचा घेतला आहे, कारण बंगालपासून तामिळनाडूपर्यंत डाळ आणि भात हे जेवण बहुतेक मुलांच्या ओळखीचे असते. शिवाय वर तुपाची धार असली म्हणजे पिष्ट, प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ हे तिन्ही एकाच घासात येतात. पद्याची चाल आठ-आठ मात्रांची आहे. टाळी देऊन म्हटले की ती सहज बसते. मात्र पद्य म्हटले की यमकासाठी एखादा शब्द ओढून आणावा लागतो, आणि शास्त्रात असा ओढून आणलेला शब्द कधी कधी दिशाभूल करतो. म्हणून प्रत्येक कडव्यानंतर त्यातील कोणता शब्द अक्षरशः खरा आणि कोणता केवळ उपमेचा, हे पाहत पुढे जाणे बरे.

वरणभात मी, एक घास रे,
सुरू जाहला मम प्रवास रे;
दात कुटुनिया बारिक करिती,
जीभ लाळ मज भिजवुन मळती.

हे कडवे जवळजवळ शब्दशः खरे आहे. दातांचे काम कुटण्याचे आणि दळण्याचे; जिभेचे काम घास फिरवून पुन्हा दाढांखाली आणण्याचे; आणि लाळेचे काम त्याचा गिळता येईल असा ओला गोळा करण्याचे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात सुमारे एक ते दीड लिटर लाळ पाझरते. गालाच्या आत, जिभेखाली आणि जबड्याखाली असलेल्या ग्रंथींच्या तीन जोड्या ती पुरवितात. चावल्याने घासाचे तुकडे लहान होतात, आणि तुकडे जितके लहान तितका त्यांचा उघडा पृष्ठभाग अधिक. पुढे जे रस या घासावर काम करणार आहेत ते केवळ उघड्या पृष्ठभागावरच काम करू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘नीट चावून खा’ या घरोघरच्या उपदेशातील शास्त्र ध्यानात येते.

लाळेमध्ये एक कातरी,
पिष्टाची ती साखळी चिरी;
चावत चावत थांबा थोडे,
गोडीचे मग सुटते कोडे.

येथे खरी गोष्ट सुरू होते. भातातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य मण्यांची माळ. एकेका माळेत शेकडो, हजारो मणी असतात आणि पुष्कळ माळांना फांद्याही फुटलेल्या असतात. एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. त्याचे मणी सुटे व्हावेच लागतात. सुटे करण्याच्या कामास लाळेतील अमायलेज हे विकर आरंभ करते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे आणि स्वतः न खर्ची पडणारे प्रथिन. त्याला कातरी म्हणणे पुष्कळ अंशी योग्य आहे, कारण कापड कापल्याने कातरी संपत नाही. मात्र ही कातरी काही ठराविकच धागे कापते. तिला पिष्ट कापता येते. डाळीतील प्रथिनाला ती स्पर्शही करीत नाही आणि तूप तर तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

या कातरीचे काम वर्गात पाहता येते आणि ते पाहणे पाठांतरापेक्षा अधिक मोलाचे आहे. चिमूटभर तांदळाचे पीठ कपभर पाण्यात उकळून पातळ पेज करावी व ती पूर्णपणे थंड होऊ द्यावी. टिंक्चर आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून ठेवावे. चार परीक्षानळ्या घेऊन पहिलीत चमचाभर पाणी घालावे. दुसरीत चमचाभर लाळ घ्यावी. तिसरीत लाळ घेऊन ती नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरावी व मग निववावी. चौथीत लाळ घेऊन तीत पांढऱ्या व्हिनेगरचे आठ-दहा थेंब टाकावेत आणि काही मिनिटे थांबावे. मग चारींत सारखीच चमचा-चमचा पेज ओतून, नळ्या हलवून, कोमट पाण्यात दहा मिनिटे उभ्या ठेवाव्यात. पाणी हाताला सुखद वाटेल इतकेच, म्हणजे शरीराइतकेच उबदार असावे. शेवटी नळ्या निववून प्रत्येकीत आयोडीनचे दोन-तीन थेंब घालावेत. प्रत्येकाने आपलीच लाळ वापरावी आणि आपल्या नळ्या आपणच धुवाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

पहिली नळी निळीकाळी होते, कारण तेथे पिष्ट जसेच्या तसे आहे. दुसरी निळी होत नाही. तिच्यात आयोडीनचा फिकट पिवळा रंग तेवढा दिसतो. पिष्ट तेथून नाहीसे झाले. तिसरी पुन्हा निळी, कारण उकळल्याने विकराची घडी विसकटली आणि त्याची धार गेली. चौथीही निळीच राहते, आणि तिचे कारण पद्याच्या चौथ्या कडव्यात यावयाचे आहे. दुसऱ्या नळीतला बदल टप्प्याटप्प्याने पाहावयाचा असेल, तर पेज आणि लाळ यांचे मिश्रण एका नळीत ठेवून दर मिनिटाला त्यातला एक थेंब पांढऱ्या बशीवर घ्यावा व त्यावर आयोडीनचा एक थेंब सोडावा. निळा, मग जांभळा, मग तांबूस आणि शेवटी नुसता पिवळा, अशी रंगांची रांग बशीवर उमटते. माळेचे तुकडे कसे आखूड होत गेले, याचा तो जणू लेखी पुरावाच होय.

हा प्रयोग सोपा असला तरी तीन ठिकाणी हमखास फसतो. पेज गरम असतानाच आयोडीन टाकले, तर पहिली नळीही निळी होत नाही. पिष्ट व आयोडीन यांच्यातील निळी जोडणी उष्णतेने सुटते आणि गार झाल्यावर रंग परत येतो. पुष्कळ वर्गांत ‘शिजवल्याने पिष्ट नाहीसे होते’ असा चुकीचा निष्कर्ष यातून निघतो. दुसरी चूक आयोडीन फार दाट घेण्याची. मग सर्वच नळ्या तपकिरी दिसतात आणि फरक कळेनासा होतो. तिसरी चूक अधिक फसवी आहे. व्हिनेगर मिळाले नाही म्हणून कोणी लिंबाचा रस घालतो आणि चौथ्या नळीचा निळा रंग नाहीसा होतो. यावरून आंबट रसाने विकर जोमाने काम करते, असा अगदी उलटा समज होतो. प्रत्यक्षात लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनलाच बदलून रंगहीन करते. पिष्ट तेथे तसेच असते. ते दाखविणारा साक्षीदार मात्र गप्प केला गेलेला असतो.

आता ‘गोडीचे कोडे’. भाताचा घास दोन-तीन मिनिटे न गिळता चावला तर तो किंचित गोड लागतो. कातरी जे तुकडे पाडते त्यांत दोन मण्यांची जोडी, म्हणजे माल्टोज, पुष्कळ असते. ते उसाच्या साखरेपेक्षा बरेच कमी गोड असते. म्हणून वर्गात काही मुलांना ही गोडी जाणवते आणि काहींना जाणवत नाही. न जाणवणाऱ्या मुलाने ‘गोड लागला’ असे वहीत लिहिण्याचे कारण नाही. सर्वांच्या लाळेत अमायलेज सारख्या प्रमाणात नसते. हे विकर घडविणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीअधिक असतात, आणि ज्या समाजांच्या आहारात पिष्ट फार असते त्यांत त्या सरासरीने अधिक आढळतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले आहे.

पडजिभ उचले, झाकण पडते,
श्वासाची ती वाट अडवते;
अन्ननळीची मिठी सरकते,
मज पोटाच्या दारि ढकलते.

गिळण्याचा क्षण अवघ्या एका सेकंदाचा असतो. मृदू टाळू आणि पडजीभ वर उचलली जाऊन नाकाकडील वाट बंद होते. स्वरयंत्र वर सरकते आणि त्यावर झाकण पडून श्वासनलिकेची वाट अडते. घास तोंडात असताना बोलले किंवा हसले म्हणजे ठसका का लागतो, ते यावरून कळते. त्यानंतर सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका घासाला मिठी मारते. मिठी घासाच्या मागे आवळते, पुढे सैल होते आणि लाटेसारखी खाली जाते. घास वजनाने खाली पडतो, असे पुष्कळांना वाटते. परंतु डोके खाली करून उभ्या राहिलेल्या माणसालाही घास गिळता येतो. अंतराळयानात वजन जाणवत नाही, तेथेही अंतराळवीर जेवतातच. ‘ढकलते’ हे क्रियापद म्हणूनच नेमके आहे.

जठराच्या त्या आम्लामाजी
थकते, मरते कातरि माझी;
डाळीचे परि धागे तोडी,
घुसळुन घुसळुन पेजच सोडी.

याच कडव्यात आरंभीच्या चुकीच्या उत्तराचे निराकरण आहे. जठराच्या भिंतीतून हायड्रोक्लोरिक आम्ल पाझरते आणि त्यामुळे आतला रस अतिशय आम्ल होतो. लाळेतील विकर उदासीन द्रवात, म्हणजे आंबटही नाही आणि खारटतुरटही नाही अशा द्रवात, उत्तम काम करते. आम्लात त्याची घडी मोडते. चौथ्या नळीत व्हिनेगरने जे घडले तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. म्हणजे भातातील पिष्टाचे पचन जठरात वाढत नाही, थांबते.

‘मरते’ हा शब्द मात्र उपमेचा समजावा. विकर हा सजीव नाही; त्यामुळे ते मरत नाही, निकामी होते. आणि ते निकामी होण्यासही वेळ लागतो. जठरात आलेले अन्न लगेच घुसळले जात नाही. वरच्या भागात घासावर घास रचले जातात आणि त्या ढिगाच्या आतपर्यंत आम्ल शिरेपर्यंत बराच वेळ निघून जातो. तेवढ्या वेळात आत अडकलेली लाळ आपले काम चालू ठेवते. म्हणून ‘थकते’ हा शब्द ‘मरते’च्या आधी आलेला आहे, तो केवळ मात्रा भरण्यासाठी नाही. विद्यार्थ्यांनी उत्तर लिहिताना ‘जठरात लाळेतील अमायलेज हळूहळू निष्क्रिय होते’ असे लिहिले म्हणजे ते पूर्ण बरोबर होईल.

त्याच आम्लात दुसरे एक विकर मात्र जागे होते. त्याचे नाव पेप्सिन. त्याला आम्लच मानवते, आणि ते डाळीतील प्रथिनांचे लांब धागे तोडू लागते. वरणाचे पचन अशा रीतीने भाताचे पचन जेथे थांबते तेथे सुरू होते. जठराच्या जाड स्नायूंची घुसळण दोन ते चार तास चालते. तूप अधिक असेल तर जठर आणखी सावकाश रिकामे होते. सणाच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, त्यामागे हे एक कारण आहे. घुसळून घुसळून जी तयार होते तिला कडव्यात ‘पेज’ म्हटले आहे. ती खरोखरच पेजेसारखी पातळ असते आणि जठराच्या खालच्या दारातून थोडीथोडीच सोडली जाते.

थेंबाथेंबाने मी गळतो,
लघ्वांत्राच्या वाटे वळतो;
पित्त फोडिते तेल नि तूप,
स्वादुपिंड रस ओती खूप.

लघ्वांत्र म्हणजे लहान आतडे. त्याला लहान म्हणतात ते रुंदीवरून. लांबीने ते सुमारे सहा मीटर भरते. त्याच्या पहिल्या वीतभर भागात दोन नळ्यांतून दोन रस येतात. यकृतात तयार होणारे आणि पित्ताशयात साठलेले पित्त हा एक. स्वादुपिंडाचा रस हा दुसरा. या कडव्यातील ‘फोडिते’ हा शब्द जपून वापरावयाचा आहे. पित्तात एकही पाचक विकर नसते. ताटाचा तेलकटपणा साबणाने जसा सुटतो, तसे पित्त तुपाचे मोठे थेंब फोडून बारीक थेंब करते, एवढेच. थेंब तुपाचेच राहतात. त्या बारीक थेंबांचे रासायनिक तुकडे करण्याचे काम स्वादुपिंडातील विकराचे. ‘पित्त स्निग्ध पदार्थ पचविते’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते, आणि तपासणाऱ्याने त्याला पूर्ण गुण देऊ नयेत.

स्वादुपिंडाचा रस आणखी एक काम करतो व ते भाताच्या दृष्टीने निर्णायक आहे. खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार त्यात विरघळलेला असतो. तो जठरातून आलेल्या आम्लाला शमवितो. आम्ल गेले म्हणजे कातरीला पुन्हा काम करता येण्याजोगी परिस्थिती झाली. पण जुनी कातरी तर निकामी झालेली असते.

नवी कातरी, जुनेच काम,
कापित जाते, नसे विराम;
उरली जोडी दोन मण्यांची,
भिंत सोडवी गाठ तयांची.

नवी कातरी म्हणजे स्वादुपिंडातील अमायलेज. तिचे काम लाळेतल्या अमायलेजसारखेच, परंतु तिचा पुरवठा भरपूर असतो. तोंडात ज्या पिष्टाचा एखादा भाग कापला गेला होता, त्याचे बहुतेक सर्व पचन येथे अल्पावधीत उरकते. घाईघाईने जेवणाऱ्याचाही भात अखेर पचतो, तो या नव्या कातरीमुळेच.

तरीही माळेचे शेवटचे तुकडे सुटत नाहीत. दोन मण्यांच्या जोड्या, काही ठिकाणी तीन मण्यांचे तुकडे आणि फांद्यांची बुंधे उरतात. त्यांची गाठ सोडविणारी विकरे रसात तरंगत नाहीत; ती आतड्याच्या भिंतीतील पेशींच्या टोकावरच रोवलेली असतात. ‘भिंत सोडवी’ असे पद्यात म्हटले आहे ते म्हणूनच शब्दशः खरे आहे. दुधातील साखरेची गाठ सोडविणारे विकरही याच भिंतीत असते. भारतातील पुष्कळ प्रौढ माणसांत ते बालपणानंतर कमी होत जाते, आणि अशांना पेलाभर दूध प्याल्यावर पोट फुगल्यासारखे वाटते. भाताच्या जोड्या सोडविणारी विकरे मात्र जन्मभर टिकतात.

मखमालीचे अंकुर डुलती,
दोघांसाठी दारे खुलती;
धरुन मिठाचा हाती हात
साखर शिरते मग रक्तात.

लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी दिसते. तिच्यावर बोटांच्या आकाराचे असंख्य रसांकुर असतात व प्रत्येकाची उंची एक मिलिमीटरहून जास्त नसते. त्यांच्यावरील पेशींनाही आणखी सूक्ष्म केस असतात. यामुळे शोषणाचा पृष्ठभाग किती वाढतो, हे सांगताना ‘टेनिसच्या मैदानाएवढा’ अशी उपमा अनेक पुस्तकांतून छापली जात आली आहे. २०१४ साली केलेल्या नव्या मोजमापानुसार संपूर्ण अन्नमार्गाचा आतला पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या निम्म्या मैदानाएवढा भरतो. उपमा लहान झाली तरी सहा मीटरच्या नळीसाठी हा आकडा थोडा नाही.

या पद्यातील सर्वांत काल्पनिक वाटणारी ओळ ‘धरुन मिठाचा हाती हात’ ही होय, आणि वस्तुतः तीच सर्वांत शास्त्रीय आहे. पेशीच्या टोकावर एक प्रथिन असते. ते दारासारखे काम करते. या दारातून ग्लुकोजचा एक रेणू एकटा आत जाऊ शकत नाही. त्याच्याबरोबर सोडियमचे दोन आयन असावे लागतात, आणि सोडियम हा मिठाचाच घटक. दोघे जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. साखर व सोडियम यांचे शोषण असे एकमेकांना बांधलेले आहे, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील एका परिषदेत मांडली.

त्याच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये, कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी पटकीच्या रोगासंबंधी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती. पटकीचे जंतू आतड्याची भिंत पोखरीत नाहीत. ते एक विष सोडतात आणि त्या विषामुळे भिंत अखंड राहूनही पाणी व क्षार आतड्याच्या पोकळीत ओतू लागते. रोगी काही तासांत अनेक लिटर पाणी गमावतो आणि मृत्यूच्या दारी जातो. परंतु भिंत शाबूत असेल तर तिच्यावरील साखर-मिठाचे दारही शाबूत असले पाहिजे. तसेच ते असते. पटकीचे विष त्या दाराला कुलूप घालू शकत नाही. नुसते पाणी पाजले तर ते वाहून जाते, नुसते मीठ घातलेले पाणीही फारसे शोषले जात नाही. पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिले तर पाणी आत खेचले जाते.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, तेव्हा सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. रुग्णालयाच्या जमिनीवर दाटीने पडलेल्या रोग्यांवर उपचार करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांतून ठेवविले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना ते कपाकपाने पाजावयास सांगितले. तोंडाने पाजलेल्या पाण्याने पटकीचा रोगी वाचेल, यावर त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास नव्हता. त्या छावणीत मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले.

प्रमाण मात्र नेमके असावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून पुरस्कारलेल्या मिश्रणात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, त्यांच्या जोडीला पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट असते. आजारी मुलाला बरे वाटावे म्हणून कोणी त्यात मूठभर साखर जास्त टाकली, तर दारातून आत न गेलेली साखर आतड्याच्या पोकळीत साचते, शरीरातलेच पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद गोड सरबते जुलाबाच्या रोग्याला न देण्याचे कारणही हेच.

येथे वरणभाताचा घास पुन्हा उपयोगी पडतो. साखरेऐवजी तांदळाची पातळ पेज मिठासह वापरून तयार केलेले मिश्रण पटकीच्या रोग्यांत जुलाबाचे प्रमाण ग्लुकोजच्या मिश्रणापेक्षा कमी करते, असे अनेक ठिकाणच्या चाचण्यांत आढळले आहे. याचे कारण पद्याच्या सहाव्या कडव्यात आहे. पिष्टाची एक लांब माळ पाणी फारसे ओढीत नाही. स्वादुपिंडाची कातरी आणि आतड्याची भिंत तिचे मणी जसजसे सुटे करतात तसतसे ते दारातून आत जातात, त्यामुळे पोकळीत एकदम गर्दी होत नाही. मात्र पहिल्या काही महिन्यांतील तान्ह्या मुलांच्या स्वादुपिंडात ही कातरी पुरेशी तयार झालेली नसते, म्हणून त्यांना जुलाब झाले असता आईचे दूध चालू ठेवून ग्लुकोजचेच मिश्रण पाजावे लागते.